अंगठ्याखालची गादी बसली असेल, तर मानेचा पट्टा बाजूला ठेवून मनगट तपासून घ्या

प्रश्न : रात्री बोटे बधिर होऊन जाग येते आणि आता अंगठ्याखालचा तळहात खोलगट दिसू लागला आहे. डॉक्टर मानेचे मणके झिजल्याचे सांगतात. हे मानेमुळेच होते का?

मी भौतिकोपचारतज्ज्ञ आहे, परंतु हे उत्तर मी माझ्या आईमुळे लिहीत आहे. ती घरून पोळ्या करून देत असे, रोजच्या सव्वाशे ते दीडशे. चौपन्नाव्या वर्षी तिला रात्री दोन-अडीचच्या सुमारास उजव्या हाताच्या मुंग्यांनी जाग येऊ लागली. ती उठून बसे, हात खाटेखाली सोडून थर्मामीटर झटकावा तसा झटके आणि पाच मिनिटांनी पुन्हा झोपे. मी तेव्हा परगावी शिकत होते. एका डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढून मणक्यांतील अंतर कमी झाल्याचे सांगितले, आणि पुढचे चौदा महिने पट्टा, ट्रॅक्शन आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या यांत गेले. त्या वयात निम्म्या माणसांच्या एक्स-रेमध्ये तशी झीज दिसतेच. तिच्यावरून बोटांचा बधिरपणा मानेतून आला असे ठरत नाही.

मला आजही सलते ते पुढचे. वर्षभराने रात्रीच्या कळा कमी झाल्या आणि घरात सगळ्यांना, विशेषतः माझ्या थोरल्या भावाला, पट्ट्याचा गुण आला असे वाटले. प्रत्यक्षात मनगटातली नस इतकी दबली होती की कळ पोहोचवण्याचीही तिची ताकद संपत चालली होती. आईला मंगळसूत्राची कडी लावता येईना, आणि तर्जनीच्या टोकाला तव्याचा चटका बसून फोड आला तरी तो तिला दुसऱ्या दिवशी दिसला. दिवाळीत मी घरी आले, तिचे दोन्ही तळहात शेजारी शेजारी धरून कडेने पाहिले, तेव्हा डाव्या अंगठ्याखालची गादी भरलेली होती आणि उजवीकडे हाडाची कड दिसत होती.

मनगटाच्या तळहाताकडील बाजूला एक अरुंद बोगदा आहे; त्याचा तळ आणि बाजू हाडांच्या, छत एका जाड पट्ट्यासारख्या अस्थिबंधाचे. त्यातून बोटे वाकवणाऱ्या नऊ स्नायुरज्जू आणि मीडियन नर्व्ह ही नस जाते. रज्जूंची आवरणे सुजली की दबते ती नस, आणि झोपेत मनगट मुडपून राहिले की दाब आणखी वाढतो, म्हणून रात्रीचा त्रास. ही नस अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडील अर्धी बाजू यांना संवेदना देते आणि अंगठ्याखालच्या गादीतले स्नायूही चालवते. मी आईच्या अनामिकेच्या दोन्ही कडांवरून कापूस फिरवला. मधल्या बोटाकडची कड तिला बोथट लागली, करंगळीकडची स्वच्छ. एकाच बोटाचे असे दोन भाग होणे मानेच्या दुखण्यात सहसा आढळत नाही. अंगठ्याखालच्या गादीवरची त्वचा मात्र शाबूत होती, कारण तिची शाखा बोगद्याच्या आधीच फुटून त्याच्या वरून जाते. मग मनगटे पूर्ण वाकवून धरायला सांगितली. एक मिनिट थांबायचे असते, तिला विसाव्या सेकंदालाच मुंग्या आल्या. तळहात वर ठेवून अंगठा सरळ छताकडे उचलायला सांगितला, तर माझ्या एका बोटाच्या दाबाने तो खाली गेला.

नर्व्ह कंडक्शन तपासणीत संदेश मनगटापाशीच अडखळत असल्याचे दिसले. तरीही भावाचा हट्ट होता की मनगटाला चाकू लावला तर हात कायमचा जाईल. अखेर स्थानिक भूल देऊन तो अस्थिबंध कापला. त्याच रात्री आई न उठता झोपली, बोटांची जाणीव काही महिन्यांत बरीचशी परतली, पण गादी भरली नाही, आणि कडी ती आजही डाव्या हाताने लावते. हात गेला तो चाकूने नव्हे, त्या चौदा महिन्यांनी, हे मी भावाला आजवर अनेकदा सांगितले आहे.

गादी बसण्याआधी रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट काही आठवडे वापरून पुष्कळांना आराम पडतो. तुमची गादी बसली आहे, त्यामुळे स्प्लिंटवर वेळ न घालवता हाताच्या शल्यचिकित्सकांना किंवा अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. मान आणि मनगट दोन्ही ठिकाणी नस दबलेली असू शकते. मान वळवल्यावर कळ दंडातून खाली उतरत असेल, तर मानही तपासावी लागते. करंगळीही बधिर असेल, तर दुसरी नस, बहुधा कोपरापाशी, पाहावी लागेल. त्वचेवर बधिर चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी टाळू नका. तो आपल्याकडे अजून आहे आणि औषधाने बरा होतो. थायरॉइड आणि साखर तपासून घ्या, कारण दोन्हींमुळे हा त्रास होऊ शकतो. गरोदरपणात झालेला त्रास बहुधा बाळंतपणानंतर जातो. आणि सौम्य अवस्थेत नर्व्ह कंडक्शनचा अहवाल निर्दोष येऊ शकतो, मात्र गादी बसल्यानंतरही तो तसा आला, तर कारण मनगटाबाहेर शोधावे लागेल.