दोन मसुद्यांतून कोणती वाक्ये ठेवावीत?

प्रश्न: खानापुरातील आमच्या वाचनालयाच्या इतिहासाचे दोघांनी वेगवेगळे मसुदे लिहिले आहेत. एकत्र करताना कोणती वाक्ये ठेवावीत?

उत्तर: अधिक सलग असलेला मसुदा मूळ धरून दुसऱ्यातील फक्त नवी, पडताळता येणारी माहिती देणारी वाक्ये घ्यावीत. ‘पुढे इमारत झाली’ यापेक्षा ‘त्यांनी दिलेल्या जागेवर सभासदांच्या वर्गणीतून दगडी इमारत उभी राहिली’ हे वाक्य ठेवण्याजोगे आहे; मात्र ‘त्यांनी’च्या जागी देणगीदाराचे नाव घालावे, कारण एकत्रित मसुद्यात आधीच्या वाक्यात दुसऱ्याच कोणाचा उल्लेख असल्यास देणगी त्याच्या नावावर जमा होते. स्थापनेच्या वर्षासारख्या तपशिलात मसुदे भिन्न असतील, तर भाषेवरून निवड न करता इतिवृत्ताची वही पाहावी.