'भागाकार वलय' आणि 'व्यस्त': क्वाटर्नियनच्या निमित्ताने

प्रश्न: एका मराठी टिपणात वाचलं, "वास्तव क्वाटर्नियन हे क्रमनिरपेक्ष नसलेलं भागाकार वलय आहे." गुणाकारात क्रम बदलला की उत्तर बदलतं, मग तिथे 'भागाकार' हा शब्द बसतो तरी का? आणि अशा ठिकाणी 'व्यस्त' म्हणजे डावीकडचा समजायचा की उजवीकडचा?

व्यस्त एकच असतो, डावीकडूनही तोच आणि उजवीकडूनही तोच. भागाकार मात्र दोन निघतात. त्यामुळे 'भागाकार वलय' हे नाव चालेल, पण त्यावरून "p ला q ने भागा" असं म्हणायला गेलात तर ऐकणारा विचारेल, कुठल्या बाजूने? या नावातलं 'वलय' म्हणजे बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार चालणारा संच, आणि 'भागाकार' एवढंच सांगतो की शून्य सोडून प्रत्येक घटकाला गुणाकार व्यस्त आहे. भागाकाराचं चिन्ह निर्धास्त वापरा, अशी परवानगी तो देत नाही.

आधी 'व्यस्त'बद्दल दोन शब्द. "साहेब व्यस्त आहेत" मधला व्यस्त हिंदीच्या वाटेने आला. गणितातला व्यस्त जुना आहे. वि + अस्, म्हणजे उलटं टाकलेलं, अशी त्याची घडण. व्यस्त त्रैराशिक आणि व्यस्त चलन हे त्याचेच भाऊबंद. 5 चा गुणाकार व्यस्त 1/5, कारण दोघांचा गुणाकार 1. शाळेत आपण इथेच थांबतो, कारण तिथे 5 × 1/5 आणि 1/5 × 5 यांत फरक असू शकतो हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

आता क्वाटर्नियन. त्याचं रूप a + bi + cj + dk असं, आणि a, b, c, d या वास्तव संख्या. गुणाकाराचे नियम मोजकेच आहेत: i² = j² = k² = −1, ij = k, jk = i, ki = j आणि क्रम उलटला की चिन्ह उलटतं, म्हणजे ji = −k, kj = −i, ik = −j. आयरिश गणितज्ञ हॅमिल्टनला हे 16 ऑक्टोबर 1843 रोजी डब्लिनमध्ये रॉयल कालव्याच्या काठाने पत्नीसोबत चालताना सुचलं आणि त्याने ते तिथल्या ब्रूम पुलाच्या दगडावर कोरलं, ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पण त्याआधी तो काय शोधत होता, ते तुमच्या प्रश्नाशी जास्त जवळचं आहे. त्याला तीन-तीन संख्यांच्या त्रिकुटांचा असा गुणाकार हवा होता, ज्यात गुणाकाराची लांबी ही लांबींचा गुणाकार असेल. बेरीज-वजाबाकी होत होती, गुणाकार अडत होता. मुलं रोज सकाळी विचारायची, बाबा, आज जमला का गुणाकार? आणि तो मान हलवायचा. त्याची वाट ij आणि ji यांपाशीच अडली होती. ते दोन्ही सारखे असायला हवेत हा हट्ट सोडला, k साठी चौथी जागा दिली आणि गाडी सुटली.

तुमच्या प्रश्नात एक गृहीत दडलेलं आहे: क्रम महत्त्वाचा ठरला की भागाकार बिघडतो. इथे नेमकं उलट आहे. समजा ij = ji असतं. मग (i − j)(i + j) सोडवा. उत्तर येईल i² − j², म्हणजे −1 + 1, म्हणजे शून्य. दोन शून्य नसलेल्या गोष्टींचा गुणाकार शून्य! अशा i − j ला व्यस्त असणं शक्यच नाही, कारण असता तर त्याने गुणून i + j = 0 निघालं असतं. ij = −ji असल्यावर तोच गुणाकार i² + ij − ji − j² असा उलगडतो आणि मधली दोन पदं मिळून 2k उरतात. शून्य टळलं. म्हणजे भागाकार टिकवण्यासाठीच क्रमनिरपेक्षता सोडावी लागली.

व्यस्त काढण्याची रीत मराठी माध्यमातल्या कुणालाही ओळखीची वाटेल. नववीत छेदाचं परिमेयीकरण केलेलं असतं. 1/(3 + √2) आलं की 3 + √2 ची अनुबद्ध जोडी 3 − √2 घ्यायची आणि वर-खाली तिने गुणायचं. खाली 9 − 2 = 7 उरतात, करणी जाते, उत्तर (3 − √2)/7. संमिश्र संख्यांतही हीच युक्ती. क्वाटर्नियनमध्ये अनुबद्ध म्हणजे i, j, k या तिन्हींची चिन्हं उलटायची. q = 1 + i + j + k घेऊ. त्याचा अनुबद्ध 1 − i − j − k. दोघांचा गुणाकार करताना i + j + k ला v म्हणा, म्हणजे (1 + v)(1 − v) = 1 − v². आता v² उलगडा. तीन वर्गांचे मिळून −3 आणि बाकी सहा पदं: ij, ji, jk, kj, ik, ki. ही जोडीजोडीने एकमेकांना खातात, k आणि −k, i आणि −i, −j आणि j. म्हणून v² = −3 आणि गुणाकार 1 + 3 = 4. शुद्ध वास्तव संख्या, मागे कसलंही शेपूट नाही. तीच पदं सारख्या चिन्हांची असती तर छेद कधीच साफ झाला नसता.

या 4 ला q चा नॉर्म म्हणतात. सर्वसाधारण रूप a² + b² + c² + d². मग

q⁻¹ = (1 − i − j − k)/4

आता बाजूचा प्रश्न. (1 − v)(1 + v) केलं तरी 1 − v² च येतं, म्हणजे अनुबद्ध डावीकडे ठेवा की उजवीकडे, नॉर्म तोच. आणि नॉर्म ही वास्तव संख्या असल्याने ती गुणाकारात कुठूनही कुठेही सरकते, तिला i, j, k अडवत नाहीत. म्हणून '/4' लिहिताना कुठल्या बाजूने भागलं ते सांगावं लागत नाही. क्वाटर्नियनने भागण्याचं अवघड काम वास्तव संख्येने भागण्यावर आणून ठेवायचं, एवढंच नॉर्म करतो.

अडचण पुढच्या पायरीवर येते. i ला याच q ने भागायचं आहे. i q⁻¹ काढलं तर

i(1 − i − j − k)/4 = (1 + i + j − k)/4

आणि q⁻¹ i काढलं तर

(1 − i − j − k)i/4 = (1 + i − j + k)/4

शेवटच्या दोन चिन्हांची अदलाबदल झाली. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, फक्त प्रश्न वेगळे आहेत. पहिलं उत्तर xq = i या समीकरणाचं, दुसरं qx = i चं. पहिल्या उत्तराला उजवीकडून q ने गुणून पाहा, i परत मिळेल. डावीकडून गुणलंत तर मिळणार नाही. म्हणूनच i वर आणि q खाली अशी आडवी रेघ मारून अपूर्णांक लिहिणं मी क्वाटर्नियनमध्ये टाळतो. रेघ बाजू सांगत नाही. आपला 'ने' सुद्धा सांगत नाही, "q ने गुण" म्हटलं की q कुठे बसला ते वाक्यात नसतंच. तेव्हा "q च्या व्यस्ताने उजवीकडून गुणा" असं म्हणावं. लांब आहे, पण वाद होत नाही. त्यात 'भागाकार' हा शब्द आपल्याकडे क्रियेलाही लागतो आणि उत्तरालाही. शाळेतल्या भाज्य-भाजकाच्या मांडणीत ते खपून जातं, इथे क्रिया दोन आणि उत्तरंही दोन, म्हणून गोंधळ दुप्पट.

आणखी एक जागा घसरण्याची. गुणाकाराचा व्यस्त घेताना क्रम उलटतो: (pq)⁻¹ = q⁻¹p⁻¹. आधी परकर, मग साडी नेसली तर उतरवताना साडी आधी. शाळेत (ab)⁻¹ = a⁻¹b⁻¹ लिहायची सवय लागलेली असते, कारण तिथे कसंही लिहिलं तरी चालतं. इथे p = i, q = j घेऊन पाहा. ij = k, त्याचा व्यस्त −k. j⁻¹i⁻¹ = (−j)(−i) = ji = −k, जुळलं. उलट क्रमाने (−i)(−j) = ij = k, चिन्ह चुकलं.

'नॉर्म'चा मराठी शब्द विचारला नाहीत, तरी सांगतो. मी नॉर्म असंच लिहितो. 'मानक' म्हटलं की वाचकाला प्रमाणित वस्तूवरचा शिक्का आठवतो. पण शब्द काहीही घ्या, एक गोष्ट आधी तपासा: काही जण a² + b² + c² + d² ला नॉर्म म्हणतात, काही त्याच्या वर्गमुळाला, म्हणजे लांबीला. संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये तर वर्गमुळाचाच अर्थ बहुधा असतो. (हॅमिल्टनने या वर्गमुळाला टेन्सर म्हटलं होतं. आज तो शब्द भलत्याच गोष्टीचा झाला आहे.) व्यस्ताच्या सूत्रात छेदात वर्गांची बेरीज हवी. चुकून वर्गमूळ घातलंत तर वरच्या उदाहरणात छेद 2 येईल, आणि ताळा करताना q शी गुणल्यावर 1 ऐवजी 2 मिळेल. ताळ्यात 1 न येता दुसरीच धन वास्तव संख्या आली तर चूक छेदात आहे, i किंवा j सारखं शेपूट उरलं तर अनुबद्धाच्या चिन्हांत. लांबी 1 असलेले क्वाटर्नियन घेऊन काम करणाऱ्यांना ही चूक दिसतच नाही, कारण 1 चं वर्गमूळही 1 च.

टिपणातला "क्रमनिरपेक्ष नसलेलं" हा प्रयोग मला आवडला. "क्रमसापेक्ष" आटोपशीर आहे, पण त्यातून प्रत्येक वेळी क्रम बदलल्यावर उत्तर बदलतंच असा ध्वनी निघतो. तसं नाही. 2 आणि i यांचा क्रम कसाही लावा, (1 + i) आणि (3 − 5i) यांचाही. एखादी जोडी बिघडली तरी वलय क्रमनिरपेक्ष राहत नाही, एवढाच त्या नकाराचा अर्थ. 'अक्रमनिरपेक्ष' तेवढं नको, जीभ अडखळते आणि 'अ' नेमका कशाला लागला ते कळत नाही.

त्या वाक्यातून 'वास्तव' हा शब्द मात्र गाळू नका. नॉर्म शून्य होण्याची भीती नाही, कारण वास्तव संख्यांचे वर्ग ऋण नसतात, आणि चार वर्गांची बेरीज शून्य व्हायची तर चारही संख्या शून्यच हव्यात. आता a, b, c, d च्या जागी संमिश्र संख्या चालतील असं ठरवा. त्यातलं −1 चं वर्गमूळ h म्हणा, i पेक्षा वेगळं आणि सगळ्यांशी क्रम न पाहता गुणलं जाणारं. 1 + hi चा नॉर्म 1 + h² = 0. आणि (1 + hi)(1 − hi) = 1 − h²i² = 1 − (−1)(−1) = 0. छेदात शून्य आलं, व्यस्त गेला, आणि 'भागाकार वलय' हे नावही गेलं.