चांगला हात बांधायचा की आरसा लावायचा?

«आईला (वय 61) स्ट्रोक येऊन चार महिने झाले. उजवा हात कमजोर आहे, मनगट थोडं वर येतं, बोटं अर्धी उघडतात. फिजिओ म्हणतात डावा हात दिवसभर बांधून ठेवा. यूट्यूबवर आरशाची थेरपी पाहिली. खरंच फरक कशाने पडतो? आम्ही लालबागला चाळीत राहतो.»

"दिवसभर बांधून ठेवा" वाचलं आणि लगेच लिहायला बसले. वडिलांच्या वेळी एका केंद्राने आम्हाला हेच सांगितलं होतं. पॅकेजचे पैसे घेतले, पट्टा दिला, पण कमजोर हाताने रोज काय आणि किती वेळ करायचं याचा साधा कागदही दिला नाही. तीन आठवडे चांगला हात अडकवून ते नुसते खुर्चीत बसून होते. त्या तीन आठवड्यांचा राग अजून गेलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. आईंना तपासणाऱ्यांना विचारूनच काय ते करा.

चांगला हात अडकवून कमजोर हाताकडून सराव करून घ्यायचा, असा हा उपचार; बांधणं हा त्याचा सगळ्यात छोटा भाग आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाउब यांनी माकडांवरच्या प्रयोगांतून मांडलेला विचार असा: सुरुवातीला कमजोर हाताने प्रयत्न केले की ते फसतात, चांगल्या हाताने काम भागतं, आणि पुढे हातात थोडी ताकद आली तरी तो न वापरण्याची सवय जडलेली असते. ही सवय मोडायची तर कमजोर हाताला काम द्यावं लागतं. म्हणून मूळ पद्धतीत दोन आठवडे, जागेपणीच्या 90 टक्के वेळ चांगल्या हातात जाड हातमोजा असतो आणि त्याच्या जोडीला रोज सहा तासांपर्यंत सराव असतो. सराव वगळला तर उरतो तो फक्त अडकवलेला हात.

तुमच्या आई यात बसतात का, हे आधी बघा. हात टेबलावर ठेवून पंजा कडेबाहेर लोंबता सोडा आणि मनगट वर उचलायला सांगा. या उपचाराच्या एका मोठ्या चाचणीची, जिचे आकडे पुढे देते, मुख्य अट मनगट 20 अंश आणि बोटं 10 अंश उघडण्याची होती, हात जास्त कमजोर असलेल्यांसाठी ती थोडी सैल होती. घरगुती अंदाजासाठी टेबलावर फडकं ठेवा. ते कसंही धरून उचलता आणि मुद्दाम सोडता आलं, तर सुरुवात करण्याइतका हात आहे. धरता येतं पण सोडता येत नाही, अशांना या पद्धतीचा फारसा उपयोग होत नाही, नुसती चिडचिड होते.

सराव कसा असतो ते एका कामावर सांगते. ताटलीत राजमा, दहा सेंटीमीटरवर वाटी. उजव्या हाताने एकेक दाणा वाटीत टाकायचा. 30 सेकंदांची एक फेरी, अशा दहा फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीचे दाणे वहीत. समजा पहिल्या दिवशी तीन-चार पडले आणि चार दिवसांनी सात-आठवर स्थिरावले, की एकच गोष्ट बदला: वाटी पाच सेंटीमीटर लांब, किंवा डब्यावर चढवून उंच, किंवा राजम्याऐवजी हरभरा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे अडलं ते कळत नाही. खांदा कानाकडे जातोय का आणि पाठ खुर्ची सोडून पुढे येतेय का, इकडे लक्ष ठेवा. तसं झालं तर दाणे वाढतात पण ते पाठीचं काम असतं, हाताचं नव्हे. अशा वेळी वाटी पुन्हा जवळ आणा. खांदा दुखायला लागला तर उंचीवरचं काम थांबवा आणि फिजिओला दाखवा.

उजवा हात कमजोर असण्याचा एक फायदा म्हणजे जेवण. आधी चुरमुरे, मग शेव, मग मऊ भाताचा घास, शेवटी पोळीचा तुकडा मोडणं. डावा कमजोर असता तर हे निमित्त हातून गेलं असतं, कारण डाव्या हाताने जेवायला आपल्याकडे कुणी तयार होत नाही. मग नळ फिरवणं, घडी घालणं अशी कामं शोधावी लागतात.

हातमोजाच वापरा, पट्टा नको. हातमोज्यात हात मोकळा राहतो, तोल गेला तर सावरायला पुढे येतो. चाळीचा जिना, सार्वजनिक संडास, ओली मोरी, गॅसजवळ, रस्त्यावर: हातमोजा काढायचा. कुठे घालायचा नि कुठे नाही हे आईंशी बसून लिहून काढा. मूळ उपचारात असा करार आणि रोजची नोंदवही असतेच: आज दात घासताना, दार उघडताना उजवा हात वापरला का आणि कितपत जमलं. माझ्या मते घरी जे टिकतं ते या वहीमुळे.

आता पुरावा. वर म्हटलेली मोठी चाचणी अमेरिकेतल्या सात केंद्रांत 222 रुग्णांवर झाली, निष्कर्ष 2006 साली छापून आले; सगळे स्ट्रोकनंतर 3 ते 9 महिन्यांतले, म्हणजे आईंसारखे. वर्षानंतर नेमून दिलेली कामं करायला लागणारा सरासरी वेळ उपचार गटात 19.3 सेकंदांवरून 9.3 वर आला, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत 24 वरून 17.7 वर. फरक खरा आहे. पण दुसऱ्या गटाला इतक्या तासांचा सराव मिळालाच नव्हता, त्यामुळे किती श्रेय बांधण्याचं आणि किती तासांचं, हे त्यातून सांगता येत नाही. कॉक्रेन ही संस्था एखाद्या उपचारावरचे अभ्यास गोळा करून एकत्र तपासते; तिच्या 2015 च्या आढाव्यात 42 अभ्यास होते. हाताची हालचाल आणि काम थोडं सुधारतं, पण रोजच्या जगण्यातलं परावलंबित्व खात्रीने कमी होतं असं दिसलं नाही. आणि स्ट्रोकनंतर पहिल्या काही आठवड्यांतच जोरात सुरू केलं तर? 52 रुग्णांच्या एका अमेरिकन चाचणीत या उपचाराची जास्त मात्रा घेणारे तीन महिन्यांनी मागेच राहिले. आईंचा तो काळ उलटून गेलाय, पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांनी घाई करू नये.

रोज सहा तास घरी कुणाला जमणार? कमी तीव्रतेच्या पद्धतीही अभ्यासल्या गेल्या आहेत: आठवड्यातून तीनदा अर्धा तास थेरपिस्टकडे, आणि आठवड्याचे पाच दिवस रोज पाच तास हात अडकवून, असे दहा आठवडे. माझं मत, तुम्ही याच्या जवळपास राहा. केईएम जवळ आहे, तिथल्या ऑक्युपेशनल थेरपी विभागात दाखवा. हाताच्या कामासाठी तेच योग्य लोक.

आरसा मी मुख्य उपचार म्हणून घेणार नाही, पण जोडीला जरूर घेईन. ज्यांचा हात अजिबात उघडत नाही त्यांना तर तोच आधी. काचवाल्याकडून साधारण दोन फूट बाय दीड फुटाचा ॲक्रिलिकचा आरसा घ्या. तो छातीच्या मध्यासमोर उभा, चकचकीत बाजू डावीकडे. उजवा हात मागे, पूर्ण झाकलेला, म्हणजे आरशातला डावा हात उजव्यासारखा दिसतो. डाव्या हाताच्या बांगड्या, अंगठी, घड्याळ काढा, मनगटातला दोरासुद्धा. ते दागिने उजव्या हातात नसतील तर आरशातला हात आपला वाटत नाही आणि सगळा डाव तिथेच फसतो. मेंदी, नेलपॉलिशचंही तेच. नजर फक्त आरशात. मनगट वर-खाली, मूठ उघडझाप, अंगठा एकेका बोटाला, सगळं सावकाश, आणि उजव्यानेही जमेल तेवढं सोबत. रोज अर्धा तास, आठवड्यात पाच दिवस, चार आठवडे. चक्कर किंवा मळमळ झाली तर थांबा.

2018 च्या कॉक्रेन आढाव्यात आरशाचे 62 अभ्यास आणि 1982 रुग्ण आहेत. हालचाल आणि रोजची कामं सुधारतात याचा पुरावा मध्यम दर्जाचा, दुखणं कमी होण्याचा त्याहून कच्चा. बरेच अभ्यास छोटे आहेत, आणि आपण आरशात बघतोय हे रुग्णापासून लपवता येत नाही, म्हणून आकडे थोडे हात राखूनच वाचावेत.

पैसे भरण्याआधी फिजिओंना दोनच प्रश्न विचारा: उजव्या हाताचा सराव रोज किती मिनिटं, आणि तो वाढवायचा कशावरून? उत्तर वहीत लिहून मागा. नुसतं "बांधून ठेवा" असेल, तर पट्टा घेऊ नका.