दरफरकाचे पत्र आणि सुधारित खातेउतारा

प्रिय मित्रा,

पुरवठादाराला पाठवायच्या पत्राचा तुझा मसुदा वाचला. 31 जुलैअखेरच्या त्यांच्या उताऱ्यात आपल्याकडून येणे 4,12,600 दिसते आणि आपल्या खात्यात देणे 3,65,000 दिसते. या 47,600 च्या फरकाबद्दल तू लिहिले आहेस : ‘आपण चुकीच्या दराने बिले लावल्यामुळे थकबाकी फुगलेली दिसते, तरी दुरुस्त उतारा त्वरित पाठवावा.’ कारण तू बरोबर ओळखले आहेस, पण या वाक्यावर समोरचा हिशेबनीस काहीच करू शकणार नाही. तसे का, ते जरा सविस्तर लिहितो.

आधी फरक खरोखर दराचाच आहे ना, हे पक्के करू. आरंभीची शिल्लक दोन्हीकडे एकच आहे आणि आपण भरलेल्या सर्व रकमा त्यांच्या उताऱ्यात जमा आहेत, हे तू तपासले आहेस, ते चांगले केलेस. उरली तीन बिले : क्रमांक 118, 131 आणि 146. त्यांतला माल अनुक्रमे 2,400, 1,800 आणि 2,600 नग, म्हणजे एकूण 6,800 नग. त्यांनी दर 91 लावला आणि आपण ऑर्डरप्रमाणे 84 ने नोंद केली. फरक नगामागे 7, आणि 6,800 गुणिले 7 म्हणजे बरोबर 47,600. माल कमी आल्याचा वाद असता तर फरकाला बिलाच्या दराने भागून पूर्ण नगसंख्या यायला हवी होती. 47,600 ला 91 ने भागले तर तशी संख्या येत नाही. अर्थात आकडे कधी योगायोगानेही जुळतात, म्हणून भागाकारावर न थांबता प्रत्येक बिल, त्याची ऑर्डर आणि माल मिळाल्याची पावती शेजारी ठेवून पाहावी.

ती पाहताना मला एक कागद सापडला, तो तुझ्या फाइलमध्ये नव्हता. खरेदी विभागाने जूनमध्येच दरवाढ मान्य केली होती आणि सुधारित ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहिले आहे की 1 जुलैपासून रवाना होणाऱ्या मालाला 91 हा दर लागू राहील. बिल 118 चा माल 9 जूनला निघाला, 131 चा 24 जूनला आणि 146 चा 11 जुलैला. म्हणजे पहिल्या दोन बिलांत त्यांनी नवा दर मुदतीआधीच लावला आणि तिसऱ्या बिलात जुन्या दराने नोंद करून चूक आपण केली. पुरवठादाराकडे वाटाघाट संपताच दरयादी बदलली गेली असावी. आपल्याकडे ती बदललीच गेली नाही. बिल 146 चे 18,200 आपल्याला द्यायलाच हवेत, आणि आपली मागणी उरते ती 4,200 नगांवरच्या 29,400 ची.

हा कबुलीचा भाग पत्रातून गाळण्याचा मोह होतो, कारण त्याने आपली बाजू दुबळी पडेल असे वाटते. प्रत्यक्षात उलटे घडते. तू 47,600 मागितले असतेस तर समोरच्याने बिल 146 ची सुधारित ऑर्डर काढून दाखवली असती आणि मग उरलेल्या दोन बिलांवरच्या रास्त मागणीकडेही संशयानेच पाहिले असते. ‘बिल 146 बाबत आपला दर योग्य असून आम्ही आमची नोंद 18,200 ने वाढवली आहे’ हे एक वाक्य पुरे. त्यासोबत दिलगिरीचा परिच्छेद नको.

आता मुख्य गोष्ट. खातेउतारा म्हणजे त्यांच्या खात्यात ज्या नोंदी आहेत त्यांची छापील प्रत. त्या नोंदी बदलल्याशिवाय उतारा बदलत नाही, आणि दिलेल्या बिलातली रक्कम कमी करायची तर क्रेडिट नोट काढावी लागते. म्हणून नुसता ‘सुधारित उतारा पाठवा’ असा आग्रह धरला की तोच उतारा नव्या तारखेने परत येतो. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मला तो असा तीनदा आला, आणि तिसऱ्या वेळीही मी समोरच्यालाच निष्काळजी समजत होतो. मागणी दोन पायऱ्यांत कर : आधी 29,400 ची क्रेडिट नोट आणि ती नोंदल्यानंतरचा उतारा.

यात तारखेची एक अडचण आहे, ती सहज निसटते. क्रेडिट नोट ऑगस्टमध्ये निघेल. तू पुन्हा ‘31 जुलैअखेरचा’ उतारा मागितलास, तर ती त्यात दिसणारच नाही आणि बाकी 4,12,600 च राहील. म्हणून ‘क्रेडिट नोटच्या तारखेपर्यंतचा उतारा’ असे लिही आणि अपेक्षित आकडाही दे. 4,12,600 मधून 29,400 वजा केले तर 3,83,200 येतात आणि आपल्या 3,65,000 मध्ये 18,200 मिळवले तरी 3,83,200 च येतात. दोन्ही बाजूंनी एकच आकडा येणे हाच तुझ्या पत्राचा पुरावा आहे. दरम्यान नवे बिल किंवा भरणा झाला तर ही बाकी तेवढ्याने बदलेल, हेही एका वाक्यात नमूद कर. येथे मी सोयीसाठी कर बाजूला ठेवला आहे. बिलांवर कर असेल तर दरफरकावरचा कर वेगळ्या ओळीत दाखव, नाहीतर क्रेडिट नोट आली तरी बाकी थोडक्यासाठी जुळणार नाही.

भाषेबद्दल एवढेच, की ‘चुकीचा’, ‘फुगलेली’, ‘त्वरित’ हे तिन्ही शब्द काढ. दोन दर शेजारी ठेवले की त्यांतला कोणता लागू होता हे वाचणाऱ्याला दिसते. ते तू म्हणालास की मात्र त्याला बचाव करावासा वाटतो. मी मजकूर असा ठेवला असता :

‘विषय : बिल क्र. 118 व 131 मधील दरफरक 29,400, क्रेडिट नोट व सुधारित खातेउतारा मिळण्याबाबत. आपल्या 31 जुलैअखेरच्या उताऱ्यातील बाकी 4,12,600 आमच्या नोंदींशी पडताळली. सुधारित ऑर्डरनुसार 91 हा दर 1 जुलैपासून रवाना होणाऱ्या मालाला लागू आहे. वरील दोन बिलांचा माल त्यापूर्वी रवाना झाला असून त्यांत 84 ऐवजी 91 दर आकारला गेला आहे. 4,200 नगांवर हा फरक 29,400 होतो. कृपया तेवढ्या रकमेची क्रेडिट नोट द्यावी व तिच्या तारखेपर्यंतचा उतारा पाठवावा. त्यात बाकी 3,83,200 अपेक्षित आहे.’

याखाली बिल 146 चे वाक्य येऊ दे आणि त्यानंतर, 3,83,200 ही रक्कम वादात नसून ती ठरलेल्या मुदतीत भरली जाईल, हे लिही. वाद 29,400 चा असताना सगळी रक्कम अडवून धरली, तर पुढचा माल थांबवायला आपणच त्यांना कारण देतो. सोबत बिलनिहाय तक्ता, दोन्ही ऑर्डरच्या प्रती आणि माल रवाना झाल्याच्या कागदांच्या प्रती जोड. त्यांनी बाकी मान्य असल्याची सही मागितली, तर जुन्या उताऱ्यावर ती करू नकोस. नवा उतारा आल्यावर त्यात क्रेडिट नोटचा क्रमांक बघ आणि मगच सहीसाठी माझ्याकडे आण.

तुझा,
लेखा विभागातला जुना सहकारी