फळ्यावर लिहून खांदा दुखतो? आधी हात किती उंच जातो ते मोजा

प्रश्न: पेडण्याजवळच्या हायस्कूलात गणित शिकवते. दिवसभर उभं राहून फळ्यावर लिहायचं. उजवा खांदा आणि मान-पाठीच्या मधला भाग दुखून येतो. चतुर्थीच्या सुट्टीत बरं वाटतं, शाळा सुरू झाली की परत तेच. बाम, शेक, गोळ्या सगळं झालं. उभं राहणं कमी करू का?

मी फोंड्यात फिजिओथेरपी करते. शिक्षक माझ्याकडे बरेच येतात, आणि गणिताचे जास्त, कारण फळाभर लिहिणारे तेच. तुमचं दुखणं उभं राहण्याचं कमी आणि हात वर धरण्याचं जास्त वाटतं. बसून शिकवलंत आणि लिहायला तेवढाच हात उंचावलात, तर काहीच बदलणार नाही.

आपला एक हात शरीराच्या वजनाच्या साधारण ५ टक्के भरतो. ६० किलोच्या बाईचा हात म्हणजे ३ किलो. तो डोक्याच्या उंचीवर धरून लिहिताना खांद्याचे स्नायू आवळलेलेच राहतात. आवळलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही आणि तो लवकर थकतो. पाण्याची छोटी बादली हात लांब करून धरली की खांदा भरून येतो, तसंच हे. फक्त इथे बादली म्हणजे आपलाच हात.

पण तुम्हाला दुखतं ते मानेच्या आणि फऱ्याच्या मध्ये. त्याचं कारण असं: हात पूर्ण वर जातो तेव्हा सगळी हालचाल खांद्याच्या सांध्यात होत नाही. साधारण एक तृतीयांश हालचाल फरा, म्हणजे पाठीवरचं ते चपटं त्रिकोणी हाड, स्वतः फिरून देतो. त्याला फिरवणारे काही स्नायू बरगड्यांवर असतात, काही फऱ्याच्या खालच्या बाजूला. ते थकले की मानेपासून खांद्यापर्यंतचा वरचा स्नायू त्यांचं काम अंगावर घेतो, खांदा कानाकडे चढतो, आणि तिसऱ्या-चौथ्या तासाला तिथे गाठ आल्यासारखं दुखायला लागतं. बाम नेमका तिथेच चोळला जातो. त्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी हात पुन्हा तेवढाच वर जातो.

डिचोली तालुक्यातल्या एका गणिताच्या टीचरचं उदाहरण सांगते. तिची उंची पाच फुटांना थोडी कमी. मी तिला वर्गातला फळा टेपने मोजून आणायला सांगितलं. फळा चार फूट उंच आणि त्याची खालची कड जमिनीपासून साडेतीन फुटांवर. तिचा खांदा येतो चार फुटांवर. म्हणजे खांद्याखाली फळा फक्त अर्धा फूट आणि खांद्यावर साडेतीन फूट! कुठलाही व्यायाम दिला असता तरी या मापापुढे तो टिकला नसता.

फळा एक फूट खाली घेणं हा एक उपाय होता, पण मग खालच्या ओळी पुढच्या मुलांच्या डोक्यांमागे जातात आणि मागच्या बाकांना दिसत नाहीत. म्हणून शाळेने आठ इंच उंचीचा लाकडी प्लॅटफॉर्म करून दिला, फळ्याच्या पूर्ण लांबीचा. तो अर्धवट करू नये, लिहिता लिहिता सरकताना पाय चुकतो. त्यावर उभं राहिल्यावर तिचे डोळे पाच फुटांच्या थोडे वर आले. डोळ्यांच्या उंचीवर फळ्याच्या कडेला खडूची बारीक खूण केली. खुणेच्या वर फक्त तारीख, प्रकरण आणि सूत्र, तेही तास सुरू होताना एकदाच. बाकी सगळं खुणेखाली, उभ्या तीन रकान्यांत. आडव्या लांब ओळीत हात बाजूला ताणला जातो. रकान्यात आपण पावलाने सरकतो आणि कोपर अंगाजवळ राहतं. तुम्ही एवढीच गोष्ट केलीत तरी चालेल, पण ती नीट मोजून करा.

आणखी दोन सवयी तिच्यात दिसल्या, तुमच्यातही असतील. लिहिता लिहिताच मान वळवून वर्गाकडे बघणं. हात वर आणि मान वळलेली, या अवस्थेत तोच वरचा स्नायू दुप्पट राबतो. ओळ पुरी करा, हात खाली घ्या, मग पूर्ण अंगाने वळून बोला. स्नायूला तेवढी विश्रांती पुरते, फक्त ती वरचेवर मिळाली पाहिजे. दुसरं, डस्टर. फळ्याचा वरचा भाग उजव्या हाताने जोर देऊन पुसू नका. डाव्या हाताने पुसा किंवा उंच मुलाला सांगा. आपल्याकडे पावसात फळा दमट होतो, खडू उमटत नाही आणि नकळत जोर वाढतो. पहिल्या तासाआधी फळा कोरड्या सुती फडक्याने पुसून घेतला तर बराच फरक पडतो.

व्यायाम मी दोनच देते. रबरी बँड दाराच्या कडीला छातीच्या उंचीवर अडकवायचा, दोन्ही हातांनी कोपरं मागे ओढायची, खांदे कानापासून खाली ठेवून. १० वेळा, असे तीन फेरे, एक दिवसाआड. दुसरा, दोन्ही हात कोपरापर्यंत भिंतीला टेकवायचे, भिंत हलकेच ढकलत ते वर सरकवायचे आणि सावकाश खाली आणायचे. हाही १० वेळा, रोज. करताना थोडं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते उतरलं पाहिजे. उतरलं नाही तर बँड सैल करा. त्या टीचरचा संध्याकाळचा ठणका दोन-तीन आठवड्यांत कमी झाला, पण वरच्या फळीवरचा डबा न दुखता काढायला अडीच महिने गेले. स्नायूला ताकद यायला एवढा वेळ लागतोच. सुट्टीत दुखणं शमतं पण ताकद वाढत नाही, म्हणून सुट्टीतही व्यायाम चालू ठेवा.

दुखणं दुसरंच असू शकतं, म्हणून घरी दोन गोष्टी तपासा. कोपर बरगडीला चिकटवून काटकोनात वाकवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला फिरवा. दुखरा हात दुसऱ्याच्या मानाने खूपच कमी फिरत असेल आणि कोणी हलकेच ढकलूनही पुढे जात नसेल, तर खांदा आखडतोय. मधुमेह असलेल्यांत हे जास्त दिसतं, तेव्हा साखरही तपासून घ्या. दुसरं, वेदना कोपराखाली बोटांपर्यंत जाते का, मुंग्या येतात का, हात डोक्यावर ठेवला की उलट बरं वाटतं का? तसं असेल तर मूळ मानेत आहे. या दोन्हींत माझं वरचं सगळं पुरेसं नाही. जवळच्या हाडांच्या डॉक्टरांना किंवा बांबोळीला गोमेकॉत दाखवा. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, वजन घटणं किंवा हातातली ताकद जाणं असेल तर थांबूच नका. आणि जिना चढताना खांदा, छाती किंवा जबडा दुखून घाम फुटला, तर ते हृदयाचं असू शकतं. तेव्हा स्कूटर काढू नका, १०८ ला फोन करा.

एमआरआयची घाई मात्र नको. चाळिशीनंतर अजिबात न दुखणाऱ्या खांद्यांतही त्यात झीज दिसते, आणि तो रिपोर्ट वाचून लोक हात हलवायचाच बंद करतात. आधी टेप घेऊन फळा मोजा. खालची कड जमिनीपासून किती, तुमचा खांदा किती आणि डोळे किती, हे तीन आकडे इथे लिहिलेत तर प्लॅटफॉर्म किती उंच लागेल ते मी सांगू शकेन.