एचबीएसएजी निगेटिव्ह आणि अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह, मग बाबांना कावीळ आहे की नाही?

प्रश्न: बाबा ५९ वर्षांचे, देवगडला असतात. आमवातासाठी रिटुक्सिमॅबचं इंजेक्शन ठरलं होतं. आधीच्या तपासणीत एचबीएसएजी नॉन-रिॲक्टिव्ह, अँटी-एचबीसी टोटल रिॲक्टिव्ह आणि अँटी-एचबीएस ४ आला. यकृताची तपासणी एसजीपीटी नॉर्मल आहे. डॉक्टरांनी इंजेक्शन थांबवलंय. लहानपणी त्यांना एकदा कावीळ झाली होती, पण गावठी औषधाने ती उतरली. नंतर गणपतीतल्या शिबिरांत रक्तही दिलंय, कधी काही निघालं नाही. मग आता हे काय?

उत्तर:

डॉक्टरांनी इंजेक्शन थांबवलं ते बरोबर केलं. मी शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात पॅथॉलॉजीची प्रॅक्टिस करतो आणि असा रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेली माणसं अधूनमधून येतात. बहुतेकांच्या बाबतीत भीती अनाठायी असते. तुमच्या बाबांना घाबरायचं कारण नाही, पण रिटुक्सिमॅबमुळे काळजी मात्र घ्यावी लागेल.

आधी या तपासण्या नेमकं काय पाहतात ते सांगतो. एचबीएसएजी म्हणजे हेपॅटायटिस बी विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं प्रथिन. विषाणू ते गरजेपेक्षा कितीतरी जास्त बनवतो आणि ते रक्तात मोकळं फिरतं, म्हणून सापडायला सोपं. ते रक्तात आहे म्हणजे विषाणू आज शरीरात आहे. सहा महिन्यांनंतरही राहिलं तर आजार दीर्घकालीन झाला असं आपण म्हणतो. कोअर हा आवरणाच्या आतला भाग. तो रक्तात मोकळा सापडत नाही, त्यामुळे आपण त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेली अँटीबॉडी मोजतो, ती अँटी-एचबीसी. लशीत फक्त आवरणाचं प्रथिन असतं, कोअर नसतं. म्हणून लस घेतलेल्याची अँटी-एचबीएस, म्हणजे आवरणाविरुद्धची अँटीबॉडी, वाढते, पण अँटी-एचबीसी येत नाही. ती खरी पॉझिटिव्ह असेल तर खरा विषाणू कधीतरी शरीरात येऊन गेलेला असतो, आणि ती बहुधा जन्मभर राहते.

म्हणून एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी दोन्ही पॉझिटिव्ह असतील तर संसर्ग चालू आहे. तो ताजा की जुना हे मुख्यतः अँटी-एचबीसी आयजीएम, म्हणजे ताज्या संसर्गात येणारा तिचा प्रकार, यावरून कळतं. एचबीएसएजी निगेटिव्ह, अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह आणि अँटी-एचबीएस १० किंवा जास्त असेल, तर माणूस संसर्गातून बरा झालेला आहे. फक्त अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह असेल तर ती लशीची कमाई.

बाबांचा रिपोर्ट यातल्या कुठल्याच खणात बसत नाही. कोअरची अँटीबॉडी एकटीच उरली आहे. याची कारणं चार असू शकतात.

सगळ्यात जास्त शक्यता जुन्या, बऱ्या झालेल्या संसर्गाची. अँटी-एचबीएस वर्षानुवर्षं उतरत १० च्या खाली येते, कोअरची टिकून राहते. बाबांच्या वयाला हेच जुळतं. लहानपणच्या त्या कावीळीचा पुरावा मात्र धरू नका. मुलांमधली उघड कावीळ बहुतेक वेळा हेपॅटायटिस ए ची असते आणि ती औषध दिलं-न दिलं तरी आपोआप उतरते. लहानपणी झालेला हेपॅटायटिस बी सहसा कळतसुद्धा नाही.

दुसरी शक्यता, तपासणीच खोटी पॉझिटिव्ह आली. अशा वेळी दुसऱ्या पद्धतीच्या किटवर तीच तपासणी पुन्हा करून बघावी. एक गोष्ट इथे सांगून ठेवतो. काही किट अशा असतात की त्यांत आकडा कटऑफच्या खाली आला की रिपोर्ट रिॲक्टिव्ह. ०.०८ आणि शेजारी रिॲक्टिव्ह असं बघून लोक छपाईची चूक समजतात. आपल्या रिपोर्टवर खाली छापलेला निकष वाचा.

तिसरी, मधला काळ. ताज्या संसर्गात एचबीएसएजी गेलेलं असतं आणि अँटी-एचबीएस अजून आलेली नसते, त्या काही आठवड्यांत कोअरचीच अँटीबॉडी दिसते. पण तेव्हा आयजीएम पॉझिटिव्ह असते आणि बहुधा एसजीपीटी नुकताच चढून गेलेला असतो. बाबांचं तसं वाटत नाही, तरी आयजीएम एकदा करून घ्या.

चौथी शक्यता सगळ्यात कमी, पण डॉक्टर थांबले ते तिच्यामुळेही. यकृतात विषाणू थोडा शिल्लक आहे आणि एचबीएसएजी इतकं कमी की तपासणीत धरता येत नाही. यासाठी एचबीव्ही डीएनएची पीसीआर करतात. देवगडहून नमुना बाहेर जाणार असेल तर लॅबला विचारा, त्याच दिवशी प्लाझ्मा वेगळा करून थंड पाठवतात ना. उन्हात एसटीच्या टपावरून गेलेल्या नमुन्याच्या 'डीएनए सापडला नाही' या निकालावर मी तरी भरवसा ठेवणार नाही. शिबिरात काही न निघण्याचंही कोडं इथेच सुटतं. आपल्याकडे रक्तदात्याची एचबीएसएजी तपासणं सक्तीचं आहे, अँटी-एचबीसीची सक्ती नाही. आता मात्र बाबांनी रक्तदान करू नये.

समजा पीसीआरमध्ये डीएनए सापडला नाही. मग इंजेक्शन लगेच द्यायला काय हरकत? हरकत आहे. बरं झालेल्या माणसाच्याही यकृतपेशींच्या केंद्रकात विषाणूच्या जनुकाची गोलाकार प्रत पडून असते. प्रतिकारशक्ती तिला दाबून ठेवते. रिटुक्सिमॅब बी-पेशी संपवतं, म्हणजे हाच पहारा उठवतं. विषाणू पुन्हा जागा झाला तर यकृत निकामी होऊन जीवही जाऊ शकतो. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या औषधावरचा याविषयीचा इशारा अधिक कडक केला. आमवातासाठी नुसता नेहमीचा मेथोट्रेक्सेट चालू असता तर धोका बराच कमी असता आणि अनेकदा लक्ष ठेवणं पुरलं असतं.

म्हणून अशा रुग्णाला रिटुक्सिमॅबच्या आधीपासूनच विषाणूरोधक गोळी सुरू करतात, एन्टेकाविर किंवा टेनोफोविर, रोज एक. कुठली ते किडनीच्या तपासण्या बघून ठरतं. एन्टेकाविर रिकाम्या पोटी घ्यायची असते, जेवणाआधी आणि जेवणानंतर दोन-दोन तासांचं अंतर ठेवून. शेवटच्या इंजेक्शननंतरही ती किमान १२ महिने चालू ठेवतात. लोक चुकतात ते इथे. सांधे बरे वाटले, गावात कोणी म्हणालं की कशाला इतक्या गोळ्या, आणि गोळी सुटते. काही महिन्यांनी एसजीपीटी चढतो, मग तो मेथोट्रेक्सेटचा परिणाम समजून तेच औषध बंद केलं जातं. बाबांचा एसजीपीटी पुढे कधीही चढला तर त्या दिवशी डीएनएची तपासणी मागा.

'मग लस घेऊन टाकू' असं कोणी सुचवेल. यकृतात पडून असलेल्या विषाणूवर लस काहीच करत नाही.

घरात बाबांचं ताट-पेला वेगळा करायची गरज नाही, हा आजार जेवणातून पसरत नाही. पण बाबांना संसर्ग लहानपणी झाला असेल तर तो आईकडून किंवा भावंडांकडून आलेला असू शकतो. तेव्हा तुमच्या काका-आत्यांची एचबीएसएजी एकदा तपासून घ्या. त्यांच्यापैकी कोणाला ती पॉझिटिव्ह आली तर त्यांच्या मुलांचीही करा.