गोष्टीतल्या गुरुजींना एका शब्दापाशी अडवा

तुमचा मसुदा वाचला. रावेरचे निवृत्त गुरुजी रात्री कंदिलाशी बसून भौतिकशास्त्राचं पुस्तक मराठीत आणतात, हे तुम्ही चार वेळा सांगितलंय. पण ते अडतात कुठे? गोष्ट तिथं आहे. (कंदील काढाच, रावेरला वीज आहे. जाते, ती गोष्ट वेगळी.)

'कार्य' हा शब्द घ्या. मूळ पुस्तकात स्टेशनवरचा हमाल असेल. गुरुजी त्याच्या जागी केळीचा घड वाहणारा मजूर आणतात. २० किलोचा घड जमिनीवरून दीड मीटर उंच डोक्यावर घेतला, तर कार्य २० × ९.८ × १.५, म्हणजे २९४ ज्यूल. मग तो सपाट बांधावरून शंभर मीटर चालतो. आधार देणारं बल वर, विस्थापन आडवं. त्या बलाने घडावर केलेलं कार्य शून्य.

इथे मजुराचाच मुलगा विचारेल, "मग गुरुजी, मजुरी कशाची?"

गुरुजींना लगेच उत्तर सुचू देऊ नका. हिशोब बरोबर आहे, पण मान दुखतेच. स्नायू सतत आकसत-सैलावत ऊर्जा खर्चतात आणि तिची उष्णता होते. गुरुजी 'कार्य' खोडून 'काम' लिहितील, तर गोंधळ वाढेल, कारण काम म्हणजे मजुरीचं काम. म्हणून ते 'कार्य' ठेवतात आणि मुलाचा प्रश्न तसाच धड्यात घालतात.

आणि त्या मुलाच्या तोंडी अहिराणी घालू नका. रावेर-यावलकडे लेवा बोली जास्त ऐकू येते. अहिराणीच हवी असेल तर गाव धुळ्याकडे न्या, मग घडाऐवजी कापसाचं गाठोडं.